सत्रनिबंधाचं शीर्षक: एका कवितेवर, आठ ओळींच्या आधाराने

एका कवितेवर सत्रनिबंध लिहायचा असला की बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी कागदाच्या डोक्यावर कवितेचं नाव लिहितात आणि त्यापुढे ‘एक अभ्यास’, ‘एक चिंतन’ किंवा ‘एक रसग्रहण’ जोडून मोकळे होतात. मग लिहायला बसलं की गाडी अडते. दोन पानं आशय सांगण्यात जातात, एक पान कवीच्या चरित्रात, आणि उरलेली पानं भरायला प्रतिमा, भाषा, छंद अशा ठरलेल्या खुंट्या शोधाव्या लागतात. असे निबंध मी बरीच वर्षं तपासते आहे. त्यातल्या कित्येकांमध्ये चौथ्या-पाचव्या पानावर कुठेतरी एक फार चांगलं वाक्य दडलेलं असतं. ते वाक्य शीर्षकात आलं असतं तर अख्खा निबंध वेगळा झाला असता.

शीर्षक अशा वाक्यापर्यंत कसं न्यायचं, ते एका कवितेवर करून दाखवते. कविता घेऊ या बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी, आणि बऱ्याच जणांना शाळेपासून पाठ असलेल्या.

आधी कविता हाताने उतरवून घ्या

कविता वहीत उतरवा, प्रत्येक ओळीपुढे आकडा घाला आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. हे टाळून छापील पानावरच पेन्सिल चालवणाऱ्यांचं लक्ष ठळक शब्दांवर जातं आणि ‘पडे’, ‘पसरी’ यांसारखे बारके शब्द निसटतात. उतरवताना मात्र प्रत्येक शब्द हाताखालून जातो.

ज्या आवृत्तीतून उतरवलंत तिचंच लेखन पाळा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छापात ‘गांव’, ‘झांकळुनी’ असे अनुस्वार दिसतात, नंतरच्या छापात ते गेलेले असतात. कवितेतला शब्द शीर्षकात अवतरणात घालणार असाल तर तो तुमच्या आवृत्तीत जसा आहे तसाच हवा. एक रूप शीर्षकात आणि दुसरं आत, असं झालं की वाचणारा पहिल्याच पानावर साशंक होतो.

आठ ओळींत काय आहे ते थोडक्यात असं. पहिल्या दोन ओळींत दोन्ही तटांवरची हिरवाळी घेऊन बेटाबेटांतून निळासावळा झरा वाहतो. तिसरीत पैल टेकडीकडचं चार घरांचं चिमुकलं गाव, चौथीत त्याच्यापुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी. पाचव्या ओळीत एक पांढरी पायवाट अडवीतिडवी पडली आहे आणि सहावीत ती हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चालली आहे. सातव्या ओळीत जळ झाकोळतं, लाटांवर ‘गोड काळिमा’ येतो. आठव्या ओळीत पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर.

अडखळण्याच्या जागांवर खूण करा

आता शीर्षकाचा विचार बाजूला ठेवून कविता चार-पाच वेळा वाचा आणि फक्त तीन प्रकारच्या जागांवर खुणा करा. पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, एकमेकांशी न जुळणारे शब्द शेजारी आलेली जागा, आणि वाक्य नीट उलगडत नाही अशी जागा. सुंदर वाटलं म्हणून खूण करू नका. सुंदर वाटलेल्या ओळीबद्दल आपण सहसा ‘सुंदर आहे’ यापलीकडे लिहू शकत नाही. अडखळलेल्या जागेबद्दल मात्र पानंच्या पानं लिहिता येतात, कारण तिथे काहीतरी सोडवायचं असतं.

‘औदुंबर’वर अशा खुणा केल्या की रंग लगेच वर येतात. हिरवा तीनदा येतो, पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. दुसऱ्या ओळीत निळासावळा, पाचवीत पांढरा. काळा सहावीत आणि सातवीत. तिसरी आणि आठवी ओळ बिनरंगाची. मग लक्षात येतं की गाव आहे, घरं आहेत, वाट आहे, पण माणूस एकही दिसत नाही. पाय टाकून बसणं हे माणसाचं बसणं झाडाच्या वाट्याला आलं आहे. ‘गोड काळिमा’ ही न जुळणारी जोडी. आणि सातव्या ओळीतली ‘पसरी’: पसरी म्हणजे कोण पसरतं?

एवढ्या खुणा पुरेत. चार-पाच हाताला लागल्या की थांबा.

एकच जागा निवडा

निवड करताना विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी मोहात पाडतो तो मोठा शब्द. ‘औदुंबर’च्या बाबतीत तो शब्द म्हणजे ‘मृत्यू’. काळा डोह, झाकोळलेलं पाणी, आणि कवी 1918 साली ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात गेला हे माहीत असलं की ‘‘औदुंबर’: मृत्यूचे प्रतीक’ असं शीर्षक आपोआप हातून उतरतं. माझा सल्ला आहे, पहिल्या निबंधाला हे घेऊ नका. मृत्यू हा शब्द आठ ओळींत कुठेही नाही, त्यामुळे सगळा पुरावा अनुमानाचा होतो. शिवाय असं शीर्षक निकाल आधीच देऊन टाकतं आणि प्रत्येक ओळ त्या निकालाला साक्ष द्यायला उभी करावी लागते. ‘गोड’सारखा शब्द मग गैरसोयीचा वाटू लागतो आणि निबंधातून गळतो. शीर्षकामुळे कवितेतला शब्द गाळावासा वाटला की शीर्षक चुकलं आहे, हे खुशाल समजावं.

माणसाचं नसणं ही जागा चांगली आहे, पण अवघड. जे नाही त्याबद्दल लिहायचं तर पुरावा थोडा मिळतो आणि तोच तोच फिरवत राहावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या निबंधासाठी ती राखून ठेवा.

रंगांचं काय? ‘‘औदुंबर’मधील रंगप्रतिमा’ हे शीर्षक ‘एक अभ्यास’पेक्षा पुष्कळ बरं, तरी यात फक्त विषय आहे. रंगांबद्दल आपल्याला काय म्हणायचं आहे ते त्यात नाही. असं शीर्षक घेतलं की निबंध यादी होतो: हिरवा म्हणजे जीवन, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे दुःख. हे अर्थ कवितेत नसतात, आपण घरून आणलेले असतात. यादी दिसायला लागली की समजावं, अजून एक पायरी खाली उतरायचं आहे. एवढ्या रंगांपैकी जिथे आपण खरोखर अडखळलो तो एकच रंग धरायचा. मी काळा धरते.

जागेचा प्रश्न करा आणि कवितेतूनच उत्तर काढा

‘काळ्या रंगाचे महत्त्व’ हा प्रश्न नव्हे. प्रश्नाला ‘कसा’, ‘केव्हा’, ‘कशामुळे’ यांपैकी काहीतरी लागतं. वहीत एवढंच लिहा: सहाव्या ओळीत डोह नुसता काळा आहे, सातव्या ओळीत काळिमा गोड आहे. एका ओळीच्या अंतरात असं काय झालं?

आता उत्तरासाठी आठ ओळींच्या बाहेर न जाता ‘पसरी’ या शब्दापाशी थांबा. जुन्या काव्यभाषेत क्रियापदाचं रूप पुष्कळदा आपल्याला एक खूण देतं. ‘पडे’, ‘बसे’ अशी ए-कारान्त रूपं सहसा अकर्मक क्रियापदांची असतात आणि ‘करी’, ‘मारी’ अशी ई-कारान्त सकर्मकांची. पाचव्या ओळीत पायवाट ‘पडे’ आहे, ते पहिल्या गटातलं. सातव्या ओळीत मात्र ‘पसरे’ नाही, ‘पसरी’ आहे. म्हणजे काळिमा आपला आपण पसरत नाही, कुणीतरी तो पसरतं आहे, चादर पसरावी तसा. तो कोण, हे सातव्या ओळीत सांगितलेलं नाही. कर्त्याच्या शोधात पुढे जावं तर तो आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दात भेटतो: औदुंबर.

इथे थोडा वेळ थांबण्यासारखं आहे. झाडाचं काम आपल्याला आधी दिसतं आणि झाड मागाहून. सहाव्या ओळीतला काळा रंग लांबून दिसणाऱ्या पाण्याचा होता, वाटेच्या टोकाशी असलेला. सातव्या ओळीतला काळिमा झाडाने पाण्यावर घातलेली सावली आहे. काळा रंग तोच, त्याचा धनी बदलला. आणि धनी बदलला तिथेच ‘गोड’ हा शब्द आला आहे.

‘पसरी’चा कर्ता काळिमाच आहे असंही कुणी वाचू शकेल, कारण कवितेत क्रियापदांची रूपं छंदासाठी वाकवली जातात. तसं वाचणाऱ्याला उत्तर द्यायची जबाबदारी आता तुमच्यावर आली. शीर्षकासाठी ही उत्तम खूण आहे: ज्याच्याशी कुणीतरी समजून-उमजून वाद घालू शकतं असं काहीतरी तुमच्या हातात आलं.

शीर्षकाआधी एक पूर्ण वाक्य

शीर्षक लिहिण्यापूर्वी तुमचं म्हणणं क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहून काढा. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि शीर्षक सैल होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. नुसत्या नामांची माळ लिहिता येते, पण पूर्ण वाक्याला कुणी काय केलं ते सांगावंच लागतं. माझं वाक्य असं: ‘सहाव्या ओळीत काळा हा लांबच्या डोहाचा रंग आहे; सातव्या-आठव्या ओळींत तो औदुंबराने पसरलेली सावली होतो, म्हणून गोड होतो.’

हे वाक्य वहीच्या वरच्या कोपऱ्यात राहू द्या. पहिला मसुदा याच्याच बळावर लिहायचा आहे.

वाक्यातून शीर्षक कापून काढा

पहिला प्रयत्न बहुधा लांबलचक होतो. माझा असा झाला: ‘‘औदुंबर’ या कवितेतील काळ्या रंगाच्या दोन छटांचा आणि त्यांना जोडणाऱ्या औदुंबर वृक्षाच्या भूमिकेचा चिकित्सक अभ्यास’. यातले ‘चिकित्सक अभ्यास’ काढा. निबंध चिकित्सकच असायला हवा, ते सांगायची गरज नाही. ‘भूमिका’ काढा, तो शब्द कुठल्याही गोष्टीला चिकटतो. ‘या कवितेतील’च्या जागी ‘‘औदुंबर’मधील’ चालतं. ‘आणि’ या शब्दावर मात्र नीट नजर ठेवा. शीर्षकात ‘आणि’ आला की बहुतेक वेळा दोन निबंध एकाच दोरीला बांधलेले असतात: छटांचा एक, झाडाचा दुसरा. माझ्या वाक्यात मात्र छटा बदलतात त्या झाडामुळेच. शीर्षकात बदल आला की झाड निबंधात आपोआप येणार.

म्हणून दुसरा प्रयत्न: ‘‘औदुंबर’मधील काळ्या रंगाचा पालटणारा अर्थ’. हे नेमकं झालं, पण थोडं कोरडं, आणि किती मजकूर पाहणार ते यातून कळत नाही. काळा रंग शेवटच्या तीन ओळींतच आहे, तर तसं सांगून टाकावं: ‘‘औदुंबर’च्या अखेरच्या तीन ओळींत काळ्या रंगाचा पालटणारा अर्थ’. आता वाचणाऱ्याला कुठे पाहायचं ते समजतं, आणि मला कुठे थांबायचं तेही.

आता शीर्षकाच्या मधल्या अपूर्णविरामाबद्दल. दोन भागांचं शीर्षक करायची पद्धत चांगली आहे, पण पहिला भाग नुसता शोभेचा ठेवू नये. ‘निसर्गाच्या कुशीत:’ असं काहीतरी लिहून मग खरं शीर्षक दिलं तर पहिले दोन शब्द वाया जातात. पहिल्या भागात कवितेतली ती विशिष्ट जागा दिसली पाहिजे आणि दुसऱ्या भागात तिच्याबद्दल काय करणार ते. माझं अखेरचं शीर्षक:

*डोह काळा, काळिमा गोड: ‘औदुंबर’च्या अखेरच्या तीन ओळींत काळ्या रंगाचा पालटणारा अर्थ*

पहिल्या भागाला अवतरणचिन्हं नाहीत, कारण ते शब्द कवितेतले असले तरी जुळणी माझी आहे. कवीचे शब्द जसेच्या तसे घेतले तरच अवतरण. दोन शब्दांचा क्रम बदलून अवतरण टाकणं ही चूक आहे आणि ती सहज पकडली जाते.

ताणून पाहा

शीर्षक झालं असं वाटलं की कवितेचं नाव काढून तिथे त्याच कवीची दुसरी एखादी कविता घालून पाहा. ‘‘औदुंबर’मधील निसर्गचित्रण’ यात ‘फुलराणी’ घातली तरी शीर्षक बिनबोभाट चालतं. म्हणजे त्या शीर्षकाने ‘औदुंबर’बद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. माझ्या शीर्षकात ‘फुलराणी’ बसणार नाही. तिथे ना डोह आहे, ना काळिमा.

मग उलट बाजूने ताणा: शीर्षक इतकं अरुंद तर झालं नाही की बाकीची कविता बाहेर राहील? तीन ओळी म्हटल्यावर ही शंका रास्त आहे. पण त्या तीन ओळींतला काळा समजायला आधीचा हिरवा लागतोच. सहावी ओळ पाहा: हिरवी कुरणं आणि काळा डोह एकाच ओळीत, पायवाट एकातून दुसऱ्याकडे जाते. तो सांधा दाखवायचा तर पहिल्या ओळीपासून हिरवा कसा दाटत आला ते सांगावं लागेल. म्हणजे पाच ओळी पार्श्वभूमी म्हणून निबंधात येतात, मध्यभाग अडवत नाहीत. दीड-दोन हजार शब्दांच्या निबंधाला एवढा ऐवज भरपूर झाला. याउलट शीर्षक फक्त ‘गोड’ या विशेषणावर असतं, तर तिसऱ्या पानावर दम संपला असता.

शीर्षक आधी कळवायचं असेल तर

पुष्कळदा निबंध लिहिण्याच्या कितीतरी आधी शिक्षकांना शीर्षक द्यावं लागतं, आणि नेमकं त्याच भीतीने विद्यार्थी ‘एक अभ्यास’च्या आडोशाला जातात. तसं करू नका. दुसऱ्या प्रयत्नासारखं, म्हणजे ‘‘औदुंबर’मधील काळ्या रंगाचा अर्थ’ असं तात्पुरतं शीर्षक द्या आणि त्याच्याखाली तुमचं ते पूर्ण वाक्य लिहा. वाक्य पाहिलं की शिक्षकांना बोलायला काहीतरी मिळतं. ‘‘पसरी’चा कर्ता काळिमा धरला तर?’ असं त्यांनी विचारलं तर तो तुमचा सगळ्यात उपयोगी परिच्छेद ठरेल. नुसतं ‘एक रसग्रहण’ दिलं तर ते ‘ठीक आहे’ म्हणतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

मसुदा झाल्यावर पुन्हा शीर्षकाकडे

पहिला मसुदा लिहून झाला की त्याचा शेवटचा परिच्छेद आणि शीर्षक शेजारी ठेवून वाचा. लिहिता लिहिता म्हणणं सरकतं आणि ते सरकायलाच हवं. समजा, शेवटी तुम्हाला असं दिसलं की काळ्या रंगापेक्षा झाडाचं उशिरा येणं हीच मोठी गोष्ट आहे, काम आधी आणि नाव मागाहून. तर शीर्षक बदला. ‘नाव अखेरच्या शब्दात: ‘औदुंबर’मधील लांबवलेला कर्ता’ असं काहीतरी. मात्र मग रंगांचे परिच्छेद निम्म्यावर आणावे लागतील आणि ‘पसरी’चा परिच्छेद वर न्यावा लागेल. हे कष्ट टाळण्यासाठी जुनं शीर्षक तसंच ठेवणारे बरेच असतात. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण निबंध एकीकडे चाललेला असतो आणि शीर्षक दुसरीकडे बोट दाखवत असतं.

ताडून पाहायची सोपी रीत अशी: शीर्षकातला प्रत्येक वजनदार शब्द घ्या आणि निबंधात तो कुठे सिद्ध झाला त्या परिच्छेदापुढे समासात लिहा. माझ्या शीर्षकात असे शब्द चार: डोह, काळिमा, गोड, पालटणारा. ‘पालटणारा’पुढे एकही परिच्छेद सापडला नाही, तर मी दोन अर्थ नुसते सांगितले, त्यांच्यातला पालट दाखवलाच नाही. मग एक तर तो परिच्छेद लिहायचा किंवा शब्द काढायचा. निबंधात एखादा अख्खा परिच्छेद कुठल्याच शब्दाला जोडता आला नाही, तर तो बहुधा कवीच्या चरित्राचा असतो, आणि तो काढून टाकला तरी चालतो.

शेवटी मुखपृष्ठावर शीर्षक उतरवताना कवितेचं नाव एकेरी अवतरणात घ्या, अपूर्णविरामानंतर एक जागा सोडा, शीर्षकाच्या अखेरीस पूर्णविराम देऊ नका आणि कवीचं नाव शीर्षकात न कोंबता खालच्या ओळीत लिहा.